मुळं न काढता मुळांच्या वर्गांची आणि घनांची बेरीज

देवगडला आमच्या क्लासमध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना मी हे समीकरण दिलं की सगळे आधी मुळं शोधायला धावतात:

2x³ + 6x² − 5x − 1 = 0

x च्या जागी 1 घालून बघतात, उत्तर 2 येतं. −1 घातलं की 8. मग कुणीतरी ½ घालतो, कुणी −½. शून्य काही येत नाही आणि येणारही नाही, कारण या समीकरणाला परिमेय मूळ असतं तर ते या चारांपैकीच एखादं असायला हवं होतं. मुळं आहेत, पण ती लांबलचक दशांशांची आहेत, हाताने काढायची म्हणजे दुपार जाईल.

प्रश्नात मात्र मुळं मागितलेलीच नाहीत. मुळं α, β, γ धरली तर α² + β² + γ² किती आणि α³ + β³ + γ³ किती, एवढंच विचारलंय. "सर, मुळंच माहीत नाहीत तर वर्ग कशाचे करायचे?" हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच. त्याचं उत्तर असं की एकेका मुळाचा वर्ग आपल्याला कधीच लागत नाही, फक्त तिघांची बेरीज लागते, आणि ती बेरीज 2, 6, −5, −1 या चार सहगुणकांत आधीच आहे. ती बाहेर कशी काढायची ते एकेका पायरीने पाहू.

पहिली पायरी: तीन संख्या लिहून काढा

समीकरण ax³ + bx² + cx + d = 0 या रूपात आणा. सगळी पदं डावीकडे, घातांच्या उतरत्या क्रमाने. एखादं पद नसेल तर त्याच्या जागी 0 लिहा. x³ + 2x + 5 = 0 मध्ये x² चं पद नाही, म्हणजे b = 0. हे लिहिलं नाही की हात आपोआप 2 ला b समजतो आणि पुढचं सगळं गणित एक घर सरकतं.

α, β, γ ही मुळं असतील तर डावी बाजू a(x − α)(x − β)(x − γ) अशी लिहिता येते. कंस सोडवले की:

(x − α)(x − β)(x − γ) = x³ − (α + β + γ)x² + (αβ + βγ + γα)x − αβγ

चिन्हं उणे, अधिक, उणे अशी का येतात ते एकदा समजून घ्या, म्हणजे पाठ करावं लागणार नाही. x² च्या पदात दोन कंसांतून x येतो आणि एका कंसातून मूळ, म्हणून एक उणे. x च्या पदात दोन मुळं येतात, दोन उणे मिळून अधिक. स्थिरपदात तिन्ही मुळं, म्हणून पुन्हा उणे.

मूळ समीकरणाला a ने भागून दोन्ही रूपं शेजारी ठेवली की तीन संख्या हाती येतात. मी त्यांना p, q, r म्हणतो:

p = α + β + γ = −b/a
q = αβ + βγ + γα = c/a
r = αβγ = −d/a

आपल्या समीकरणात a = 2, b = 6, c = −5, d = −1. म्हणून p = −3, q = −5/2, r = 1/2. शेवटच्या r कडे लक्ष द्या. d उणे होता, सूत्रात आणखी एक उणे आहे, म्हणून r अधिक आला. b, c, d लिहिताना त्यांचं चिन्ह त्यांच्याबरोबरच लिहायची सवय ठेवा. "d = 1, उणे नंतर बघू" म्हटलं की ते नंतर बघायचं राहून जातं.

a ने भागायचं विसरणं हीही नेहमीची चूक आहे. पहिला सहगुणक 1 असलेली गणितं आधी भरपूर सोडवलेली असतात, म्हणून p = −6 असं सहज लिहिलं जातं.

दुसरी पायरी: वर्गांची बेरीज

p चा वर्ग करा. (α + β + γ)² म्हणजे तीन पदांचा तीन पदांशी गुणाकार, एकूण नऊ गुणाकार. त्यांतले तीन α², β², γ² आहेत. उरलेले सहा म्हणजे αβ, βγ, γα हे प्रत्येकी दोनदा, कारण αβ आणि βα दोन्ही येतात. म्हणजे p² मध्ये आपल्याला हवी ती बेरीज आहे, आणि वर 2q जास्तीचे आहेत. ते वजा करा. वर्गांच्या बेरजेला S₂ म्हणू:

S₂ = p² − 2q

आपल्या समीकरणासाठी S₂ = (−3)² − 2 × (−5/2) = 9 + 5 = 14.

झालं. मुळं अजून कुणी पाहिलेली नाहीत.

एक बारीक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. एखादं मूळ दोनदा येत असेल तर या बेरजेत ते दोनदा मोजलं जातं. x³ − 9x² + 24x − 20 = 0 ची मुळं 2, 2 आणि 5 आहेत. सूत्राने S₂ = 81 − 48 = 33 येतं, म्हणजे 4 + 4 + 25. "मुळं तर 2 आणि 5 दोनच" म्हणून 29 लिहिलं तर चुकलं.

तिसरी पायरी: घनांची बेरीज

इथे बरीच पुस्तकं लगेच p³ चा विस्तार करायला घेतात. त्यात सत्तावीस गुणाकार येतात आणि नवा माणूस त्यात हरवतो. माझ्या मते त्याहून सोपी वाट आहे, आणि ती एकदा कळली की सूत्र विसरलं तरी अडत नाही.

α हे मूळ आहे म्हणजे काय? α हा x च्या जागी घातला की समीकरण खरं ठरतं. β चं तेच, γ चंही तेच. तिन्ही ओळी एकाखाली एक लिहा:

2α³ + 6α² − 5α − 1 = 0
2β³ + 6β² − 5β − 1 = 0
2γ³ + 6γ² − 5γ − 1 = 0

आता उभी बेरीज करा. पहिल्या उभ्या रांगेत 2 पट घनांची बेरीज, म्हणजे 2S₃. दुसरीत 6S₂. तिसरीत −5 पट p. चौथ्या रांगेत −1 तीन वेळा आहे, म्हणून −3.

2S₃ + 6S₂ − 5p − 3 = 0

S₂ = 14 आणि p = −3 माहीत आहेतच. 2S₃ + 84 + 15 − 3 = 0, म्हणून 2S₃ = −96 आणि S₃ = −48.

कोणत्याही त्रिघाती समीकरणासाठी ही ओळ अशी:

aS₃ + bS₂ + cp + 3d = 0

पहिल्या तीन पदांत समीकरणाचे सहगुणक जसेच्या तसे, चिन्हांसकट. फक्त शेवटी d च्या जागी 3d. हा 3 सगळ्यांत जास्त वेळा सुटतो. आपल्याच गणितात तो सुटला तर 2S₃ + 84 + 15 − 1 = 0 होतं आणि S₃ = −49 येतं. −49 हाही पूर्णांक, दिसायला तितकाच साजरा. उत्तर नीटनेटकं आलं म्हणून ते बरोबर, असं या प्रकारात समजू नका. म्हणूनच पहिल्या काही गणितांत तरी मी तिन्ही ओळी प्रत्यक्ष लिहायला लावतो. डोळ्यांसमोर −1 तीनदा दिसला की तो 3 सुटत नाही.

या ओळीत S₂ आणि p च्या किमती घालून a ने भागलं की पाठ्यपुस्तकातलं सूत्र मिळतं:

S₃ = p³ − 3pq + 3r

घालून बघा: −27 − 3 × (−3) × (−5/2) + 3/2 = −27 − 22.5 + 1.5 = −48. दोन्ही वाटांनी तेच उत्तर आलं, आणि ही एक चांगली पडताळणीही झाली.

विश्वास बसत नसेल त्यांच्यासाठी: कॅल्क्युलेटरवर मुळं काढली तर ती अंदाजे 0.8158, −0.1680 आणि −3.6478 येतात. वर्ग 0.6655, 0.0282 आणि 13.3064. बेरीज 14.0001. घन 0.5429, −0.0047 आणि −48.539. बेरीज साधारण −48.00. शेवटचा जो फरक उरतो तो मुळं चार दशांशांपर्यंत तोडल्यामुळे.

हेच आंब्याच्या पेटीवर

p, q, r या तीन संख्या हवेत तरंगतात असं वाटत असेल तर लाकडी पेटी समोर घ्या, हापूस भरतात तसली. तिची लांबी, रुंदी आणि उंची हीच तीन मुळं समजा. मग p म्हणजे तीन कडांची बेरीज. q म्हणजे पृष्ठफळाच्या निम्मं, कारण αβ, βγ, γα हे तीन वेगवेगळ्या फळ्यांचे क्षेत्रफळ आहेत आणि पेटीला झाकण-बूड धरून प्रत्येक फळी दोनदा लागते. r म्हणजे घनफळ.

आता वर्गांची बेरीज म्हणजे काय? पेटीच्या एका कोपऱ्यातून समोरच्या सगळ्यांत लांबच्या कोपऱ्यापर्यंत काठी धरली तर त्या काठीच्या लांबीचा वर्ग. म्हणजे S₂ = p² − 2q हे सूत्र पेटीच्या भाषेत असं वाचता येतं: कर्णाचा वर्ग म्हणजे कडांच्या बेरजेचा वर्ग वजा पूर्ण पृष्ठफळ. पेटीची एकही बाजू वेगळी माहीत नसली तरी कर्ण सांगता येतो.

समजा, कुणी सांगितलं की एका पेटीच्या तीन कडांची बेरीज 40 इंच, पृष्ठफळ 1032 चौरस इंच, घनफळ 2160 घन इंच. तर p = 40, q = 516, r = 2160, आणि समीकरण झालं x³ − 40x² + 516x − 2160 = 0. S₂ = 1600 − 1032 = 568, कर्ण साधारण 23.8 इंच. 24 इंची पट्टी त्या पेटीत सरळ बसणार नाही, हे पेटी न बघता कळलं.

घनांची बेरीज: S₃ − 40 × 568 + 516 × 40 − 3 × 2160 = 0. म्हणजे S₃ = 22720 − 20640 + 6480 = 8560. ही पेटी 18, 12 आणि 10 इंचांची होती. 324 + 144 + 100 = 568, आणि 5832 + 1728 + 1000 = 8560.

वर्गांची बेरीज उणे आली तर

मघाचं x³ + 2x + 5 = 0 घ्या. p = 0, q = 2, r = −5. S₂ = 0 − 4 = −4.

इथे मुलं खोडरबर शोधायला लागतात. खोडू नका, उत्तर बरोबर आहे. तिन्ही मुळं वास्तव असती तर त्यांच्या वर्गांची बेरीज उणे होऊच शकली नसती. म्हणजे या समीकरणाची दोन मुळं संमिश्र आहेत, आणि ही बातमी आपल्याला फुकटात मिळाली. आपण कुठेही मुळं वास्तव आहेत असं गृहीत धरलेलं नव्हतं, त्यामुळे सूत्रांना काही फरक पडत नाही. S₃ सुद्धा नेहमीसारखंच काढा: S₃ + 2 × 0 + 3 × 5 = 0, म्हणून S₃ = −15. p शून्य असलं की S₃ नेहमी 3r च येतं, हे लक्षात राहिलं तर एक पायरी वाचते.

याचा उलटा अर्थ मात्र काढू नका. S₂ अधिक आलं म्हणून मुळं वास्तवच असतील असं नाही. x³ − 3x² + x − 3 = 0 म्हणजे (x − 3)(x² + 1) = 0. त्याचं S₂ = 9 − 2 = 7 आहे, तरी दोन मुळं संमिश्रच. एकट्या 3 चा वर्ग 9 इतका मोठा आहे की बाकीच्या दोघांचं −1 आणि −1 त्यात बुडून गेलं.

चूक कशी ओळखायची

प्रवेशपरीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो, त्यामुळे मुळं काढून तपासता येत नाही. पण a = 1 असेल आणि बाकीचे सहगुणक पूर्णांक असतील तर दोन झटपट चाचण्या आहेत. S₂ आणि p दोन्ही सम किंवा दोन्ही विषम असायला हवेत, कारण p² मधून 2q ही सम संख्याच वजा होते आणि p² चा सम-विषमपणा p सारखाच असतो. तसंच S₃ − p ला 3 ने नि:शेष भाग जायला हवा. S₃ मध्ये p³ सोडून उरलेलं सगळं 3 च्या पटीत आहे, आणि p³ − p म्हणजे (p − 1)p(p + 1), लागोपाठच्या तीन पूर्णांकांचा गुणाकार, त्याला 3 ने भाग जातोच.

पेटीच्या गणितात 568 आणि 40 दोन्ही सम आहेत. 8560 − 40 = 8520 ला 3 ने भाग जातो. ठीक.

पण या चाचणीवर फार विसंबू नका. त्याच गणितात 3d ऐवजी नुसता d घेतला असता तर S₃ = 4240 आलं असतं, आणि 4240 − 40 = 4200 लाही 3 ने भाग जातो. 2160 स्वतःच 3 च्या पटीत असल्यामुळे चूक पकडलीच गेली नाही. अशा वेळी, मुळं सगळी धन आहेत हे माहीत असेल तर आणखी एक चाचणी करता येते: p × S₃ ही संख्या S₂ च्या वर्गापेक्षा कमी असू शकत नाही. या दोघांतला फरक αβ(α − β)² सारख्या तीन पदांची बेरीज असतो, आणि मुळं धन असताना त्यातलं कुठलंच पद उणे होत नाही. 40 × 4240 = 169600, आणि 568 चा वर्ग 322624. उत्तर चुकलंय हे उघड झालं. बरोबर उत्तर घेतलं तर 40 × 8560 = 342400, ते 322624 पेक्षा मोठं आहे.

चिन्हाची चूक आणखी लबाड असते. आपल्या पहिल्या समीकरणात कुणी p = 3 लिहिलं तरी वर्ग केल्यावर S₂ = 14 च येतं. उत्तरसूचीशी जुळलं म्हणून तो निश्चिंत होतो, आणि सूत्राने S₃ = 27 + 22.5 + 1.5 = 51 काढून मोकळा होतो. वर्गांची बेरीज बरोबर आली यावरून p चं चिन्ह बरोबर आहे असं ठरत नाही. ते पाहायचं तर aS₃ + bS₂ + cp + 3d मध्ये तुमची उत्तरं परत घाला. तिथे b हा समीकरणातून थेट येतो, p मधून नाही, त्यामुळे गडबड लगेच दिसते: 102 + 84 − 15 − 3 = 168, शून्य नाही.

पुढचे घात

चौथ्या घाताची बेरीज हवी असेल तर नवं सूत्र शोधायची गरज नाही. समीकरणाला x ने गुणा आणि पुन्हा तिन्ही मुळं घालून उभी बेरीज करा:

2S₄ + 6S₃ − 5S₂ − p = 0

आता शेवटच्या पदात 3 नाही, कारण −1 ला आता x चिकटलाय आणि त्या रांगेची बेरीज −p होते. 2S₄ − 288 − 70 + 3 = 0, म्हणून S₄ = 177.5. चौथ्या घातापर्यंतच्या अशा बेरजा सहगुणकांतून काढायची सूत्रं अल्बेर जिरार याने १६२९ मध्ये छापली होती. आज मात्र ती न्यूटनच्या नावाने ओळखली जातात.

x ने गुणण्याऐवजी भागलं तर? मूळ शून्य नसेल तर तेही चालतं. 2x² + 6x − 5 − 1/x = 0 मध्ये तिन्ही मुळं घालून बेरीज करा: 2 × 14 + 6 × (−3) − 15 वजा व्यस्तांची बेरीज, बरोबर शून्य. इथे तीनपट होणारं पद −1 नाही, −5 आहे, कारण आता x शिवायचं पद तेच उरलंय. व्यस्तांची बेरीज −5 आली, आणि q/r = (−5/2) ÷ (1/2) हेही −5 च आहे.